बिल जुळते, माल मात्र नसतो

मूल्यवर्धित करसाखळीत प्रत्येक व्यापारी विक्रीवर कर गोळा करतो आणि खरेदीच्या वेळी दिलेला कर त्यातून वजा करून उरलेली रक्कम सरकारकडे भरतो. या वजावटीलाच जीएसटी कायद्यात ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’ म्हणतात. समजा, एका कारखानदाराने 1 लाख रुपयांचा पत्रा घेऊन त्यावर 18 टक्के दराने 18,000 रुपये कर पत्रेवाल्याला दिला आणि त्याची कपाटे दीड लाखाला विकून 27,000 रुपये कर घेतला, तर त्याने भरायचे ते 9,000 रुपये. पत्रेवाल्याने आपले 18,000 दडवले, तरी पूर्वी कारखानदार त्यांची वजावट घेऊन मोकळा होत असे.

ही फट बुजवण्यासाठी 1 ऑक्टोबर 2020 पासून ई-इनव्हॉइस टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवरील उलाढालीचे बहुतेक व्यापारी त्याच्या कक्षेत आले. विक्रेता बिलाचा तपशील नोंदणी पोर्टलवर पाठवतो, तेव्हा त्याचा जीएसटी क्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार व क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांपासून 64 अक्षरांची एक खूण, म्हणजे आयआरएन, तयार होते. हेच तपशील पुन्हा आले की तीच खूण निघते, त्यामुळे एकच बिल दोनदा नोंदवता येत नाही. नोंदलेले बिल विक्रेत्याच्या विवरणपत्रात आपोआप भरले जाते आणि ते दाखल झाल्यावर खरेदीदाराच्या ‘जीएसटीआर-2बी’ तक्त्यात दिसते. 2022 पासून तिथे न दिसणाऱ्या बिलाची वजावट मिळत नाही.

मात्र जुळणी पकडते ती दोन कागदांमधली विसंगती, आणि दोन्ही कागद एकच खोटे बोलत असतील तर ती निरुपयोगी ठरते. पत्रा रोखीने, बिनबिलाचा घेतला आणि बिल एखाद्या बोगस फर्मकडून विकत आणले, तर ती फर्म ते रीतसर नोंदवते, विवरणपत्र भरते आणि 18,000 रुपयांचे देणे दुसऱ्या बोगस फर्मकडून घेतलेल्या क्रेडिटमधून चुकते करते. व्हॅटच्या काळात महाराष्ट्रात असे बिल विकणाऱ्यांना ‘हवाला व्यापारी’ म्हणत. इथे सगळी बिले जुळतात, म्हणून तपास एकेका बिलावरून साखळीच्या आकाराकडे वळवावा लागतो: उलाढाल कोट्यवधींची, पण रोखीने भरलेला कर जवळजवळ शून्य, अनेक फर्मचा पत्ता किंवा मोबाइल क्रमांक एकच, आणि ई-वे बिलावर ज्या वाहनाचा क्रमांक आहे, त्याची टोलनाक्यावर नोंदच नाही. पुरावा अखेर गोदामात जाऊनच मिळतो.

साखळीच्या शेवटच्या कडीला तर ही जुळणी पोहोचतच नाही. कपाट घरी नेणाऱ्या ग्राहकाला वजावट घ्यायची नसते आणि त्याला दिलेल्या बिलाला ई-इनव्हॉइसची सक्तीही नाही. त्यामुळे “बिल नको असेल तर कर लावत नाही” असे दुकानदार म्हणतो तेव्हा जुळवून पाहायला दुसरा कागदच उरत नाही.