टाळ्या वाजल्या, लोक उभे राहिले... मग प्रश्न आला, 'आम्ही काय करायचं?'

मोठ्या परिषदेतलं भाषण रीलमध्ये येतं तेव्हा ते बहुतेक वेळा टाळ्यांवर कापलेलं असतं. अमेरिकेतले वकील ब्रायन स्टीव्हन्सन यांचं 2012 मधलं टेडचं भाषण तुम्ही असं कापलेलं पाहिलं असेल, तर त्यातली एक महत्त्वाची गोष्ट तुमच्याकडून सुटली आहे. ती टाळ्यांनंतर घडते.

स्टीव्हन्सन अलाबामा राज्यात गरीब आरोपींचे खटले लढतात. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला झालेल्या टेड परिषदेत ते बोलले, तेव्हा त्यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयातली एक सुनावणी होती. गुन्हा करताना वय 18 पेक्षा कमी असलेल्या मुलांना, सुटकेची कोणतीही शक्यता न ठेवता मरेपर्यंत तुरुंगात ठेवायचं का, हा त्यातला प्रश्न. समोर बसलेले श्रोते मात्र तंत्रज्ञान, डिझाइन आणि मनोरंजन क्षेत्रातले. त्यांचा तुरुंगाशी काय संबंध?

भाषणाच्या शेवटी त्यांनी एक किस्सा सांगितला. 14 वर्षांच्या एका गरीब कृष्णवर्णीय मुलाची केस होती आणि त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालणार होता. वैतागून त्यांनी रात्री जागून एक अर्ज लिहिला : माझ्या अशिलाला 75 वर्षांच्या श्रीमंत, गोऱ्या कंपनी अधिकाऱ्यासारखं वागवा! दोनेक महिन्यांनी सुनावणीला गेले तेव्हा कोर्टाबाहेर एक वयस्कर कृष्णवर्णीय सफाई कामगार भेटला. हा तरुण वकील आहे हे कळल्यावर त्यानं त्यांना मिठीच मारली. आत न्यायाधीश अर्थातच भडकले होते. वादावादी सुरू असताना तो कामगार आत आला आणि स्टीव्हन्सन यांच्या मागे येऊन बसला. मधल्या सुट्टीत पोलीस अधिकाऱ्यानं त्याला हटकलं, तू इथे काय करतोयस? तो उभा राहिला आणि म्हणाला, मी या पोराला एवढंच सांगायला आलोय की नजर ध्येयावर ठेव, सोडू नकोस.

पुढचं नीट पाहा. स्टीव्हन्सन यांनी किश्श्याचं तात्पर्य सांगितलं नाही. 'मी टेडला आलोय ते...' अशी सुरुवात करून तंत्रज्ञान आणि डिझाइनची स्वप्नं करुणा आणि न्यायाशी जोडली गेली पाहिजेत, असं ते मोजक्या वाक्यांत बोलले आणि शेवटी त्या कामगाराचेच शब्द श्रोत्यांना म्हणून दाखवले. मग आभार मानले आणि थांबले.

म्हणजे जे वाक्य मिनिटभरापूर्वी त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, ते आता ते सभागृहाला सांगत होते. कामगार कोर्टात का आला आणि वकील टेडला का आला, या दोन्हींचं उत्तर एकच. श्रोत्यांना ते शब्द आधीच ओळखीचे झाले होते, त्यामुळे ते समजावून सांगावे लागले नाहीत. हेच वाक्य भाषणाच्या सुरुवातीला आलं असतं तर ते पोस्टरवरच्या सुविचारासारखं वाटलं असतं. (माझ्या मते तरी.)

श्रोते उभे राहून बराच वेळ टाळ्या वाजवत राहिले. पण 'सोडू नका' म्हणजे उद्या सकाळी नक्की काय करायचं? टाळ्या ओसरल्यावर टेडचे क्रिस अँडरसन यांनी मंचावर येऊन हेच विचारलं : चेक लिहिण्यापलीकडे आम्ही काय करू शकतो? स्टीव्हन्सन यांनी त्याच राज्यातलं उदाहरण दिलं. फाशीच्या शिक्षेवर होणारा पैसा तपास आणि सुरक्षेकडे वळवण्यासाठी कॅलिफोर्नियात जनमत घेतलं जाणार होतं.

हे आवाहन शेवटच्या ओळीत कोंबलं असतं तर ओळ बोजड झाली असती. ते आलंच नसतं तर लोक भारावून जेवायला गेले असते. इथे ओळीनं मन वळवलं आणि कामाची माहिती पुढच्या उत्तरानं दिली.

परिणाम? सभागृहात पैसेवाले लोक होते आणि त्यांना जे लगेच जमणार होतं ते त्यांनी केलं. मुलांच्या या शिक्षांविरोधातल्या मोहिमेसाठी 10 लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. जनमताचं मात्र तसं झालं नाही. ते ठरवणार होते राज्यभरातले मतदार, आणि त्यातले फारच थोडे त्या सभागृहात होते. नोव्हेंबर 2012 मध्ये फाशी रद्द करण्याचा तो प्रस्ताव साधारण 52 विरुद्ध 48 टक्क्यांनी पडला.

सुनावणी भाषणानंतर काही आठवड्यांतच, 20 मार्चला झाली. 25 जूनला न्यायालयानं 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल दिला : 18 वर्षांखालच्यांना अशी शिक्षा सरसकट, सक्तीनं देता येणार नाही. हा निकाल भाषणामुळे लागला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तिथे स्टीव्हन्सन यांना कायद्याच्या मुद्द्यांवर लढावं लागलं होतं. न्यायाधीशांना किस्से थोडेच पुरतात! 2016 मध्ये याच न्यायालयानं तो निकाल जुन्या कैद्यांनाही लागू केला आणि लहानपणी आत गेलेल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या काही जणांना सुटकेसाठी पुन्हा दाद मागता आली.