ललिताजी, शेंगदाणे आणि अडतीस सेकंद

ताईंनी मोबाइल माझ्या हातात दिला. "दादा, ही जाहिरात बघा. तीन महिने झाले, रोज डोळ्यांसमोर येते. आमचं तेल यांच्यापेक्षा वाईट आहे का हो?"

तेल मुळीच वाईट नव्हतं. ताईंचा लाकडी घाणा सांगली जिल्ह्यात आहे आणि त्यांच्या शेंगदाणा तेलाची फोडणी मी स्वतः खाल्ली आहे. घोळ त्यांच्या व्हिडिओत होता. पहिली सात सेकंदं दुकानाचा लोगो गोल फिरायचा, मग ताई हात जोडून नमस्कार करायच्या, मग मागून एक भारदस्त आवाज 'पारंपरिक', 'आरोग्यदायी', 'शंभर टक्के शुद्ध' असं म्हणत राहायचा. शेवटी फोन नंबर. शेजारच्या जिल्ह्यातल्या स्पर्धकाचा व्हिडिओ मात्र मी नकळत शेवटपर्यंत पाहिला. तो का पाहिला, हे शोधायला आम्ही वही घेऊन बसलो.

जाहिरातीच्या धंद्यातली माणसं असा व्हिडिओ चार तुकड्यांत तोडतात. हुक म्हणजे अंगठा थांबवणारी पहिली दोन-तीन सेकंदं. त्यानंतर अडचण, म्हणजे बघणाऱ्याच्या मनातली खुटखुट. मग पुरावा. आणि शेवटी 'सीटीए', म्हणजे कॉल टू अ‍ॅक्शन : आता नेमकं काय करायचं ते सांगणं. नावं इंग्रजी असली तरी प्रकार आपल्या ओळखीचा आहे. ऐंशीच्या दशकातली सर्फची ललिताजी आठवा. निरमाच्या स्वस्त पावडरीने बाजार काबीज केला, तेव्हा हिंदुस्तान लिव्हरसाठी लिंटासच्या अलेक पदमसींनी ही बाई उभी केली. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी चोख गृहिणी, हा हुक. एवढी हिशेबी बाई महागडं सर्फ कसं घेते, ही अडचण. अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीची बरोबरी करतं, हा पुरावा. आणि सर्फ घेण्यातच शहाणपण आहे, हा निरोप. त्यात स्वच्छतेचं कौतुक जवळजवळ नाहीच, सगळी जाहिरात एका हिशेबावर उभी आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पण कुठलाही व्हिडिओ तोडण्याआधी तो खरंच चालला आहे का, हे बघावं लागतं. इथे बहुतेक लोक फसतात. लाइक आणि व्ह्यूज पैसे देऊनही वाढवता येतात, आणि गमतीदार व्हिडिओ लाखो लोक बघतात पण तेल कुणी घेत नाही. त्यापेक्षा बरी खूण मेटाच्या जाहिरात-संग्रहात सापडते. facebook.com/ads/library या पत्त्यावर देश निवडायचा, सगळ्या जाहिराती निवडायच्या आणि स्पर्धकाच्या पानाचं नाव टाकायचं. त्या पानाच्या चालू जाहिराती समोर येतात आणि प्रत्येकीवर ती कधी सुरू झाली ती तारीख असते. खर्च किती झाला, विक्री किती झाली, हे साध्या व्यापारी जाहिरातींबाबत आपल्याकडे तिथे कळत नाही. पण जाहिरात रोज पैसे खाते. तोट्यातली जाहिरात छोटा व्यापारी तीन-तीन महिने चालू ठेवत नाही, एवढाच तर्क आपल्या हातात असतो.

हा तर्कही पक्का नाही. काही जाहिराती फक्त दुकानाच्या पानावर आधी येऊन गेलेल्यांनाच दाखवल्या जातात. त्या वर्षभर चालतात आणि त्यांना हुक नसला तरी चालतं, कारण समोरचा आधीच ओळखीचा असतो. अशी जाहिरात समोर ठेवून अनोळखी गिऱ्हाइकासाठी व्हिडिओ केला तर तो पडणार. तिची ओळख म्हणजे सुरुवातीलाच 'अजून मागवलं नाहीत?' किंवा थेट सवलतीची भाषा. म्हणून मी ताईंना एका व्हिडिओवर थांबू दिलं नाही. स्पर्धकाच्या चालू असलेल्या अकरा जाहिराती आम्ही पाहिल्या. त्यातल्या पाचांत चौथ्या सेकंदापासून पुढचं सगळं एकच होतं, फक्त सुरुवात वेगळी. म्हणजे गडी अजून हुक बदलून बघत होता, पण पुढचा ऐवज त्याला पटला होता. त्याच्या गल्ल्यातला आकडा मिळाला नाही तरी त्याचा कुठल्या भागावर भरवसा आहे, हे तिथे दिसत होतं.

मग त्या पाचांतली सर्वांत जुनी जाहिरात घेतली. अडतीस सेकंदांची. ती आम्ही तीनदा पाहिली : आधी आवाज बंद करून, मग मोबाइल पालथा ठेवून फक्त ऐकून, आणि तिसऱ्यांदा दर दृश्याला थांबवून सेकंद लिहीत. आवाज बंद करून बघणं फार गरजेचं, कारण बसमध्ये किंवा ऑफिसात लोक तसंच बघतात. आवाजाशिवाय जो हुक कळत नाही तो हुक नव्हे.

पहिली तीन सेकंदं : वजनकाट्यावर शेंगदाणे ओतले जातात, आकडा अडीच किलोवर थांबतो, वर अक्षरं येतात, 'एक लिटर तेलाला एवढे लागतात'. माणूस नाही, नमस्कार नाही, लोगो नाही. चौथ्या ते अकराव्या सेकंदापर्यंत एक गृहस्थ लेबल नसलेली बाटली उचलतात आणि विचारतात, शेंगदाणे किलोला १४० रुपये धरले तर अडीच किलोचे ३५० झाले, मग 'शुद्ध शेंगदाणा तेल' १८० रुपये लिटरने कसं मिळतं? पुढची अठरा सेकंदं घाणा फिरतो. तेच शेंगदाणे घाण्यात पडतात, तेल गळतं, पेंड निघते, पेंडही काट्यावर चढते. शेवटची नऊ सेकंदं : आधी अर्धा लिटर मागवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त पत्ता पाठवा.

लिहून झाल्यावर ताई वहीकडे बघत राहिल्या. "अहो, यात आरोग्याचं एक अक्षर नाही!"

खरंच नव्हतं. ताई इतकी वर्षं 'हे तेल चांगलं आहे' असं सांगत होत्या, तर स्पर्धक 'हे तेल महाग का आहे' या प्रश्नाला उत्तर देत होता. गिऱ्हाइकाच्या मनात दुसराच प्रश्न होता. आणि उत्तर म्हणून त्याने हिशेब मांडला, अगदी ललिताजीसारखा. सांगाडा तोच, फक्त पावडरीच्या जागी तेल. वेळेची वाटणीही बघण्यासारखी आहे : अडतीसपैकी अठरा सेकंदं, म्हणजे जवळजवळ अर्धा व्हिडिओ, पुराव्याला दिलेला. ताईंच्या व्हिडिओत पुराव्याला शून्य सेकंदं होती. 'शंभर टक्के शुद्ध' हे शब्द म्हणजे दावा, पुरावा नव्हे.

त्या हिशेबात एक लबाडी आहे, तीही सांगायला हवी. लाकडी घाण्यात बरंचसं तेल पेंडीतच राहतं. मोठे कारखाने उरलेलं तेल रसायनाने काढून घेतात, त्यामुळे त्यांना एका लिटरला कमी शेंगदाणे पुरतात. शिवाय पेंड विकून पैसे येतात ते वेगळेच. म्हणजे स्वस्त तेल भेसळीचंच असतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. आपलं तेल महाग का, एवढंच सिद्ध होतं, आणि जाहिरातीला तेवढं पुरतं. पण दुसऱ्याचा पुरावा तोडताना तो नक्की काय सिद्ध करतो हे विचारलं नाही, तर त्याची चूकही आपण उचलतो.

इतकं कळूनही ताईंनी पहिल्यांदा जे करायचं नाही तेच केलं. तोच काटा, तेच अडीच किलो, बाटलीही तशीच. दृश्य हुबेहूब उचललं तर कायद्याची कटकट होऊ शकते, पण त्याआधीच धंद्याची झाली. फोन येऊ लागले : "तुमचंच ना ते, अर्धा लिटर पाठवता?" लोकांनी त्यांना स्पर्धकच समजलं. आपल्या पैशाने त्याची जाहिरात!

मग आम्ही वहीचं उलटं पान उघडलं. उचलायचं ते चार खण आणि त्यांतली सेकंदं. खणांत भरायचं ते आपल्या गिऱ्हाइकाकडून आणायचं. ताईंना फोनवर सर्वांत जास्त काय ऐकावं लागतं? त्या लगेच म्हणाल्या, "तळताना फेस येतो, भेसळ आहे का?" एका बाईंनी तर डबा परत पाठवला होता.

हुक तिथेच होता. फेसाळलेली कढई आणि वर अक्षरं : 'हा फेस बघून एका बाईंनी आमचा डबा परत पाठवला'. अडचण : आपल्याला रिफाइंड तेलाची सवय, तिथे इतका फेस दिसत नाही. आता पुरावा, आणि इथे आम्ही अडकलो. रिफाइंड करताना तेलातले चिकट घटक काढून टाकतात, घाण्याच्या तेलात ते थोडे राहतात आणि ओलाव्याबरोबर फेस धरतात, हे कारण ठीक. पण फेस म्हणजे शुद्धतेची खूण नव्हे. पुनःपुन्हा तापवलेलं तेलही फेसाळतं. 'फेस येतो म्हणून शुद्ध' असं म्हटलं असतं तर ती थाप झाली असती. पुराव्याची एक सोपी चाचणी आहे : तो खण झाकून व्हिडिओ बघायचा. शंका पहिल्याइतकीच उरली तर त्या खणाला अर्थ आहे. उघडल्यावरही तेवढीच राहिली, तर तो पुरावा नाही.

शेवटी ताईंनी दोन गोष्टी दाखवल्या. काचेच्या बरणीत ताजं गाळलेलं तेल, आणि शेजारी आठ दिवस निवळलेलं, खाली गाळ बसलेलं. तीच दोन्ही तेलं दोन कढयांत, एकच वडा, एकच आच. निवळलेल्यात फेस कमी, पण गेला नाही, आणि ताईंनी तो तसाच दाखवला. मग प्रयोगशाळेचा भेसळ तपासणीचा अहवाल, तारखेसकट, वाचता येईल इतका वेळ स्थिर. हृदयाला चांगलं, कोलेस्टेरॉल घटतं वगैरे गाळून टाकलं. खाद्यपदार्थांच्या दाव्यांना २०१८ पासून एफएसएसएआयचे वेगळे नियम आहेत, आणि असल्या वाक्यांना आधार द्यावा लागतो. निरोप म्हणून : 'तळून बघा, नाही पटलं तर उरलेला डबा परत घेऊ.'

स्पर्धकाचे आकडे आपल्याला कधीच दिसत नाहीत, स्वतःचे मात्र दिसतात. किती जणांच्या समोर व्हिडिओ आला आणि त्यातले किती जण तीन सेकंदं टिकले, यावर हुक कळतो. नंतर लोक कुठे गळतात ते आलेखात दिसतं. ताईंचा आलेख तीन सेकंदांना छान होता आणि बाराव्या सेकंदाला धपकन खाली आला. व्हिडिओ तिथे थांबवून पाहिला तर पडद्यावर मीच होतो, फेसाचं शास्त्र समजावून सांगताना.

ताईंनी तेवढं कापलं. त्या जागी आता फक्त कढई आहे.