दुखणं कागदावर उतरवा

दिघीला जाळी ओढणारे आमचे काका एकच सांगायचे, "अख्खा पाय दुखतो रे." मी वहीत माणसाची पुढची आणि मागची आकृती काढली आणि पेन त्यांच्या हाती दिलं. दुखतं तिथे रेघा, मुंग्या येतात तिथे ठिपके, बधिर वाटतं तिथे गोल. रेघा कुल्ल्यापासून मांडी-पोटरीच्या मागून घोट्यापर्यंत गेल्या. गोल मात्र फक्त पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीपाशी.

कण्यातून निघणाऱ्या नसेच्या मुळाच्या वाट्याला त्वचेचा एक पट्टा येतो, तो डर्माटोम. करंगळीची कड एस-१ ची. पावलाची वरची बाजू आणि अंगठा बधिर असता, तर संशय एल-५ वर गेला असता. भरवसा गोलांवर जास्त ठेवायचा, कारण दुखणं पट्टा सोडून कुठेही पसरतं. शिवाय शेजारचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे नुसत्या चित्रावर निदान होत नाही. डॉक्टरांनी काकांना चवड्यांवर चालायला लावलं, तर त्या पायाची टाच उचलेना. टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारली, तर पाऊल हललं नाही. दोन्ही खुणा एस-१ कडेच बोट दाखवणाऱ्या.

बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर मात्र चित्र काढत बसू नका, तडक इस्पितळ गाठा.