प्रोबेटआधी तुमचे म्हणणे ऐकले जावे म्हणून

समजा, गिरगावातली एक विधवा आई वारली. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. काही महिन्यांनी धाकटा मुलगा तिचे मृत्युपत्र घेऊन मुंबई उच्च न्यायालयात प्रोबेट मागतो. राहती जागा त्याच्या एकट्याच्या नावे, आणि सही आईच्या शेवटच्या आजारपणातली. डोंबिवलीला दिलेल्या मुलीच्या हाती न्यायालयाचे ‘सायटेशन’ पडते. हरकत असेल तर 14 दिवसांत कॅव्हेट दाखल करा, असे त्यात लिहिलेले असते.

पुष्कळदा त्याआधीच भाऊ एक कागद पुढे करतो. ‘ताई, नुसती फॉर्मॅलिटी आहे, सही कर.’ तो कागद संमतीचे प्रतिज्ञापत्र असतो. त्यावर सही केली की प्रोबेटला हरकत नसल्याचे तुम्ही लिहून दिलेले असते आणि सायटेशनही येत नाही. न वाचता ही सही कधीही करू नका.

कॅव्हेट म्हणजे दोन ओळींचा अर्ज: अमुक मयताच्या मिळकतीबाबत मला नोटीस दिल्याशिवाय काही करू नये. भारतीय वारसा कायदा, 1925 च्या कलम 284 ने हा अधिकार दिला आहे. दिवाणी दाव्यातले 90 दिवस टिकणारे कॅव्हेट वेगळे, त्याच्याशी याची गल्लत नको.

खरी गफलत होते ती यानंतर. प्रोबेटचा अर्ज आधीच झालेला असेल, तर कॅव्हेट दाखल केल्यापासून आठ दिवसांत त्याच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. नाहीतर कॅव्हेटने प्रोबेट अडत नाही. त्यात नाते, वारस म्हणून हक्क आणि हरकतीची कारणे लिहायची. ‘मृत्युपत्र खोटे आहे’ एवढे पुरत नाही. त्या तारखेला आई रुग्णालयात होती का, तिला इंग्रजी येत नसताना मजकूर इंग्रजीत कसा, धाकट्यानेच वकील आणि साक्षीदार आणले का, हे नेमके मांडावे लागते.

मग अर्जाचा दावा होतो. भाऊ वादी, बहीण प्रतिवादी. मृत्युपत्र खरे असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी भावावर येते. त्यावर सही करणारा एखादा साक्षीदार हयात असेल तर निदान एकाची साक्ष घ्यावीच लागते, आणि उलटतपासणी तिथेच होते.

‘घर मुळात आईचे नव्हतेच, वडिलोपार्जित होते’ हा वाद मात्र इथे चालत नाही. प्रोबेट न्यायालय मालकी ठरवत नाही, त्यासाठी वेगळा दावा लावावा लागतो. प्रियंवदा बिर्ला यांच्या मृत्युपत्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये हेही सांगितले, की कॅव्हेट करणाऱ्याचा मयताच्या मिळकतीत हितसंबंध हवा. नुसते नातलग असणे पुरत नाही.

मुदत हुकून प्रोबेट मिळालेच, तर ते रद्द करून घेण्याची वाट कलम 263 मध्ये आहे, पण सायटेशनच मिळाले नव्हते यासारखे सबळ कारण दाखवावे लागते. म्हणून सायटेशन आले, की पाकिटावर मिळाल्याची तारीख घाला आणि त्याच आठवड्यात ते वकिलाला दाखवा.