दोनशे पानं आणि सत्तावीस किलो कोबी

सामुदायिक भोजनात सुकी भाजी माणशी किती लागते, याचं उत्तर सहसा एका आकड्यात मिळतं: शंभर ग्रॅम. संपादकांनी मला त्या आकड्याचा मागोवा घ्यायला पाठवलं. कागदोपत्री आकडे लगेच सापडले. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी ठरलेली आहे. पण ते वजन कच्च्या भाजीचं, आणि तेही लहान मुलांसाठी. मोठ्यांच्या पंगतीचा हिशोब देवळामागच्या स्वयंपाकघरात आचारीकाकांकडे होता.

त्यांनी कोबीला हात लावण्याआधी वाढायचा डाव काट्यावर ठेवला. रिकामा, मग आदल्या दिवशीच्या भाजीने भरलेला. फरक साठ ग्रॅमच्या आसपास निघाला. ‘ताई, आधी डाव तोला, मग कोबी,’ ते म्हणाले. मला त्यांच्या कामातलं हेच सगळ्यात आवडलं. वाढपी ग्रॅम मोजत नाही, डाव मोजतो. एका पोळीला साधारण तीस ग्रॅम सुकी भाजी पुरते, म्हणजे एक डाव दोन पोळ्यांचा. मागून वरणभात असेल तर माणूस तीन पोळ्यांवर थांबतो. पहिल्या वाढणीला एक डाव, दुसऱ्या फेरीला कुणी अर्धा, कुणी पूर्ण घेतो, कुणी नको म्हणतो. ताटातली शंभर ग्रॅम भाजी अशी भरते, थोडी शिल्लक धरून. वरणभात नसेल आणि फक्त पोळी-भाजीवर जेवण असेल, तर ते दीडशे धरतात.

त्या दिवशी दोनशे पानं होती, म्हणजे शिजलेली भाजी वीस किलो. काका इथून उलटे चालले. दोन किलो हरभराडाळ भिजून चार किलो होते, तेव्हा उरला सोळा किलो शिजलेला कोबी. सुका परतताना कोबी चौथ्या हिश्शाने तरी आटतो, म्हणून चिरलेला कोबी एकवीस किलोच्या वर हवा. वरची पानं आणि दांडा काढताना पाचवा हिस्सा जातो. बाजारातून आणायचा कोबी झाला सत्तावीस किलो.

बटाट्याला हाच हिशोब किती वेगळा पडतो! सालीत दहावा हिस्सा जातो आणि उकडून वजन जवळपास तेवढंच राहतं. कांदा परतून दोन किलो उरला असं धरलं, तर वीस किलो बटाट्यात तेवढीच पंगत उठते. फ्लॉवर पानांसकट तोलून घेतला तर निम्मा टोपलीत जातो. ज्याला सरसकट ‘माणशी शंभर’ म्हणून बाजारात पाठवलं जातं, तो बटाट्याला निभावतो आणि फ्लॉवरला फसतो.

खरा धोका मात्र कढईत होता. एकवीस किलो कोबी एका खोल पातेल्यात घातला की खालचा उकडतो, वरचा कच्चा राहतो आणि मिठाने सगळ्याला पाणी सुटतं. काकांनी पसरट कढईत सात-सात किलोचे तीन घाणे केले. झाकण ठेवलं नाही आणि मीठ शेवटी घातलं. उलथण्याने भाजी बाजूला सारून ते तळ बघत होते. तिथे पाणी साचलं तर आच वाढवायची. पाणी आटवत बसलं की कोबी आणखी आक्रसतो आणि वीस किलोची भाजी सतरावर येते. म्हणजे ओली राहिली तर ताटात पोळी भिजते, आटवली तर शेवटच्या पंगतीला कमी पडते. ही तारांबळ पाहताना मला त्या शेवटच्या रांगेची काळजी वाटत राहिली.

ती काळजी काकांनाही होती, आणि कारण नुसती कढई नव्हती. पंगतीत डाव वाढप्याच्या हातात असतो. बुफेत तो पाहुण्याच्या हातात जातो आणि माणूस पहिल्याच वेळी दीड-दोन डाव घेतो, त्यातलं काही ताटात टाकतो. त्यासाठी ते पाचवा हिस्सा जादा धरतात. लहान मुलं अर्ध्या पानात मोजतात, पण शाळेला सुट्टी असलेल्या दिवशी मुलं किती येतील हे यजमानालाही सांगता येत नाही. भाजी जास्त करून ठेवायची, तर तीही सोय नाही. गरम भाजी झाकून ठेवली की झाकणाची वाफ तिच्यात उतरते, आणि उन्हाळ्यात अशी भाजी दुपार ढळेपर्यंत आंबूस वास देऊ लागते.

म्हणून ते भाजी जादा करत नाहीत. तीन किलो बटाटे उकडून, सोलून, पसरून ठेवतात आणि फोडणीचं सामान शेजारी काढतात. दुसरी पंगत बसताना कोबीचं पातेलं अर्ध्याच्या खाली गेलेलं दिसलं, तर लगेच बटाट्याला फोडणी पडते आणि दहा-पंधरा मिनिटांत पंचेचाळीसेक डावांची सोय होते.

त्या दिवशी दुसऱ्या पंगतीला पातेलं अर्ध्याच्या बरंच खाली गेलं होतं. कढई पुन्हा तापली.