घुंगरांचे ऋण : सहा मुली आणि त्यांच्या बाई

आमच्या वस्तीतील सहा मुलींचा भरतनाट्यमचा रंगप्रवेश गेल्या जानेवारीत नगरपालिकेच्या सभागृहात पार पडला. तमिळमध्ये याला अरंगेत्रम म्हणतात. अरंगु म्हणजे रंगमंच आणि एट्रम म्हणजे चढणे. हल्ली या कार्यक्रमाला लग्नासारखे रूप आले आहे. पत्रिका, जेवणावळी, भाड्याचे दागिने. एका मुलीच्या घरच्याने तो खर्च पेलणे आमच्याकडे शक्यच नव्हते. म्हणून बाईंनी सहाजणींचा एकत्र कार्यक्रम ठरवला आणि हिशेबाची वही आमच्याकडे सोपवली. त्या निमित्ताने चार महिने तालमी जवळून पाहायला मिळाल्या. मुलींनी बाईंचे आभार ज्या रीतीने मानले, ती रीत समजायला या तालमींची थोडी माहिती हवी.

भरतनाट्यमचे सगळे घर एका बैठकीवर उभे असते. तिला अरैमंडी म्हणतात. टाचा जवळजवळ, पावले बाहेरच्या बाजूला, गुडघे बाजूंना उघडलेले आणि पाठ भिंतीसारखी सरळ, अशी ती अर्धी बैठक. नवी मुलगी दहा मिनिटांत थकते आणि तिला न कळता हळूहळू उंच होत जाते. बाई समोरच्या भिंतीवर खडूने रेघ मारीत. डोके रेघेच्या वर दिसले की हातातल्या काठीचा एक ठोका लाकडी ठोकळ्यावर जास्त जोरात पडे. ठोकळ्याला आणि काठीला मिळून तट्टकळी म्हणतात. पावलांचे पाठ, म्हणजे अडवू, याच ठोक्यांवर तीन गतींत बसवले जातात. आधी सावकाश, मग दुप्पट, मग चौपट. तिसऱ्या गतीत पाऊल सपाट न पडता टाचेवर पडू लागले की गुडघा दुखू लागतो. गुडघा दुखतो अशी तक्रार आली की बाई औषध विचारीत नसत, पाऊल पाहत.

कार्यक्रमाचा क्रम ठरलेला असतो. पुष्पांजली, अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, मग मधला मोठा वर्णम, त्यानंतर पदम, तिल्लाना आणि शेवटी मंगलम. बाई स्वतः मंचाच्या एका बाजूला बसून नट्टुवांगम करतात. हातात दोन लहान जाड टाळ आणि तोंडाने बोल. शेजारी गायिका आणि मृदंगवाले. खर्च वाचवावा म्हणून ध्वनिमुद्रित संगीत लावा, असे दोन पालकांनी सुचवले होते. बाई म्हणाल्या, "गाणं मुद्रित चालेल एकवेळ, पण टाळ नाही. पोर चुकली तर यंत्र थांबून बघत नाही." तेव्हा आम्हाला ते हट्टाचे वाटले होते, त्याचा उलगडा वर्णमच्या वेळी झाला.

वर्णम अर्ध्या तासाहून अधिक चालतो. आदि तालाचे आठ ठोके, आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले की एका आवर्तनात बत्तीस मात्रा होतात. एका जतीच्या ऐन मध्यावर डावीकडच्या मुलीच्या घुंगरांच्या पट्ट्याचे बक्कल सुटले. पट्टा पायाशी लोंबू लागला, तिने तो एका हाताने काढून विंगेत सरकवला, पण तेवढ्यात बोल पुढे गेले होते. अशा वेळी घाईने मध्येच पाऊल टाकले की चूक वाढत जाते. मुलगी अरैमंडीत स्थिर उभी राहिली आणि बाईंकडे पाहिले. बाईंनी मुखाने बोल म्हणता म्हणता दर ठोक्यावर टाळ किंचित ठळक केला, इतका की प्रेक्षकांना काही जाणवू नये. जतीचा शेवट तीर्मानमने होतो, म्हणजे एकच तुकडा तीनदा. त्या जतीत तो "ता दि गि ण तोम" हा पाच मात्रांचा तुकडा होता. तीनदा म्हटला की पंधरा मात्रा. बत्तिसातून पंधरा गेल्या की सतरा उरतात. म्हणजे अठराव्या मात्रेवर शिरले की सगळ्यांबरोबर समेवर पोहोचता येते. मुलगी अठराव्या मात्रेवर शिरली. आम्ही कारकून माणूस, हा हिशेब नंतर वहीत मांडून पाहिला. तिने तो पायांनी केला होता.

वर्णम संपल्यावर वेशभूषा बदलायला वेळ लागतो, तेव्हा सत्कार-भाषणे उरकतात. शाल, नारळ, पुष्पगुच्छ, मग कोणी पाहुणा गुरूची थोरवी सांगतो. मुलींनी आधीच आम्हाला सांगितले होते की भाषण नको, आम्हीच बोलू. त्यांनी ठरवले होते की प्रत्येकीने बाईंनी आपल्यात सुधारलेली एकच गोष्ट सांगायची. एक म्हणाली, "माझी पाठ वाकायची, बाईंनी पाठीवर वही ठेवून शिकवलं." दुसरी म्हणाली, डोळे हाताबरोबर जायचे विसरायचे. तिसरी दोन वर्षे क्लास सोडून बसली होती, कारण वडिलांचे काम सुटले होते. ती म्हणाली, "बाई घरी आल्या, फीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, आईला फक्त विचारलं की मंगळवारी हिला कोण सोडेल." फीच्या रकान्यात तिच्या नावापुढे चोवीस महिने कोरे आहेत, हे आमच्या वहीत दिसते. ज्या मुलीचा पट्टा सुटला ती शेवटी आली आणि एवढेच म्हणाली, "बाई, आज टाळ वाढवलात. कळलं मला."

मग सहाजणींनी मिळून बाईंना एक ठोकळा दिला. एकीचे वडील सुतार आहेत, त्यांनी शिसवाचा घडवला होता. बाईंचा जुना ठोकळा मधोमध खळगा पडून वाजेनासा झाला होता.

बाईंनी उत्तर दिले ते थोडक्यात. त्या म्हणाल्या, माझे आभार मानलेत, मी घेते, पण ते माझ्याजवळ ठेवणार नाही. तुम्ही आज जो क्रम नाचलात तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरात चार भावांनी घडवला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू. त्या दरबाराचे राजे सरफोजी भोसले होते आणि त्यांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. त्या रचना पुढे मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी शोधून रंगमंचावर आणल्या. हे नाच ज्यांनी पिढ्यानपिढ्या जपले त्या देवदासी स्त्रिया आणि त्यांना शिकवणारे नट्टुवनार यांच्याकडे समाजाने हलक्या नजरेने पाहिले. १९४७ साली मद्रास प्रांतात कायद्याने देवदासी प्रथा बंद झाली, ते योग्यच झाले. पण त्या घरांतल्या बाया मागे पडल्या आणि नाच वरच्या घरांत गेला. १९३५ साली रुक्मिणीदेवी अड्यारला पहिल्यांदा जाहीरपणे नाचल्या, त्यांनाही शिकवणारे मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै नट्टुवनारच होते. "पाया पडायचंच असेल तर त्यांच्या," असे बाई म्हणाल्या. सभागृहात काही क्षण कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मग मागच्या रांगेतून सुरू झाल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या एका पाहुण्यांना हे बोलणे प्रसंगाला सोडून वाटले, तसे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलेही. आम्हाला तसे वाटले नाही.

उरलेल्या भागात तिल्लाना छान रंगला. सुटलेला पट्टा आतल्या खोलीत सुईदोऱ्याने शिवला होता आणि बक्कलावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळली होती. खर्चाच्या वहीत शेवटी थोडी शिल्लक उरली. मुलींच्या सांगण्यावरून ती मृदंगवाल्यांना दिली, कारण त्यांनी तालमींचे पैसे घेतले नव्हते.