छेडलेल्या तारेतले दोन कोपरे

गिटारची तार छेडली की ती मध्ये फुगलेली आणि टोकांना निमुळती दिसते. संपूर्ण तार एका कमानीसारखी वर-खाली होत असणार, असं आपण धरून चालतो. पण ती फुगलेली आकृती म्हणजे डोळ्यांना न पकडता आलेल्या हालचालीचा धूसर ठसा आहे. बोट सुटल्यानंतरच्या पहिल्या काही कंपनांत तारेत कमान नसतेच. असतात ते सरळ तुकडे आणि त्यांना जोडणारे दोन धावते कोपरे.

गिटारची पाचवी तार घेऊ. घोडीपासून गळ्यावरच्या पट्टीपर्यंत तिची मोकळी लांबी साधारण ६५ सेंटिमीटर असते आणि ती सेकंदाला ११० कंपनं करते. एका कंपनात लाट तारेवरून एकदा जाऊन परत येते, म्हणजे १३० सेंटिमीटर चालते. त्यावरून लाटेचा वेग निघतो सेकंदाला १४३ मीटर. आता घोडीपासून १३ सेंटिमीटरवर बोटाने तार ३ मिलिमीटर वर उचलली, तर तिचा त्रिकोण होतो. घोडीकडची बाजू आखूड आणि तीव्र चढाची, पलीकडची लांब आणि मंद उताराची.

बोट सुटतं आणि त्या एका कोपऱ्याचे दोन होतात. १७४७ साली फ्रेंच गणितज्ञ द'आलंबेर यांनी दाखवलं की, स्थिर अवस्थेतून सोडलेल्या तारेचा आकार म्हणजे अर्ध्या उंचीच्या दोन सारख्या आकृत्यांची बेरीज असते. एक डावीकडे निघते, दुसरी उजवीकडे. मात्र टोकदार कोपरा असलेला आकार या गणितात बसवायला ते स्वतः तयार नव्हते. कोपराही चालेल, हा आग्रह ऑयलर यांचा, आणि छेडलेल्या तारेच्या बाबतीत तोच उपयोगी ठरला.

दोन कोपऱ्यांच्या मधला तुकडा सरळच राहतो आणि सेकंदाला सुमारे २ मीटर या एकाच वेगाने खाली येतो. कोपरे जिथवर पोचलेले नाहीत, तिथली तार अजून जागची हललेलीही नसते. तारेचा मध्यबिंदूच पाहा. बोट सुटल्यावर १.३६ मिलिसेकंद तो जागच्या जागी थांबलेला असतो. मग पहिला कोपरा येतो आणि तो बिंदू एकदम चालू लागतो. ३.१८ व्या मिलिसेकंदाला घोडीवरून परतलेला दुसरा कोपरा येतो आणि बिंदू तितकाच एकदम थांबतो, पण आता पलीकडच्या बाजूला. झोक्याचा असतो तसा हळूहळू वाढणारा आणि ओसरणारा वेग इथे कुठेच नाही.

टोकाशी काय होतं? घोडीवर तार हलू शकत नाही. येणारी लाट तिला वर ओढते, घोडी तेवढ्याच जोराने खाली ओढते, आणि त्या ओढीतून उलटी झालेली लाट परत निघते. दुसऱ्या टोकालाही हेच घडतं. ४.५५ मिलिसेकंदांनी, म्हणजे अर्ध्या कंपनानंतर, दोन्ही कोपरे पुन्हा भेटतात. या वेळी ते पट्टीपासून १३ सेंटिमीटरवर, ३ मिलिमीटर खाली असतात. तार पुन्हा त्रिकोणी होते, पण उलटी.

कानापर्यंत पोचतं ते घोडीवरचं बळ, आणि ते घोडीपाशी तार किती तिरकी आहे यावर ठरतं. आपल्या उदाहरणात कंपनाचा एक-पंचमांश वेळ घोडीवर जोराचा ताण वरच्या दिशेने असतो आणि उरलेला चार-पंचमांश वेळ त्याच्या चौथाई ताण खालच्या दिशेने. छेडण्याची जागा घोडीजवळ नेली की जोराचा ताण आणखी कमी वेळ टिकतो, झटका तीव्र होतो आणि आवाज धारदार येतो. शिवाय एक-पंचमांशावर छेडलेल्या तारेत पाचवा उपस्वर उमटत नाही. हा नियम थॉमस यंग यांच्या नावाने ओळखला जातो.

खरे कोपरे मात्र फार काळ टोकदार राहत नाहीत. मऊ बोटाने ते सुरुवातीलाच गोलसर होतात. तारेच्या ताठपणामुळे बारीक लाटा पुढे पळतात आणि कोपऱ्याभोवती सुरकुत्या पडतात. दर फेरीला थोडी ऊर्जा हवेत आणि घोडीतून लाकडात जाते. घोडी पूर्ण अचल असती, तर गिटारची पेटी घुमलीच नसती.

तंबोऱ्यावर तर यंग यांचा नियमच मोडतो. उपस्वर गहाळ व्हावा अशा नेमक्या जागी तार छेडली, तरी तो स्पष्ट ऐकू येतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली नोंदवलं. कारण आहे घोडी. गिटारच्या घोडीला धार असते, तर तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलाईची. कंपन होताना तार त्या गोलाईवर टेकते आणि सुटते, म्हणून तिचं टोक एका बिंदूवर राहतच नाही आणि परतणारी लाट आलेल्या लाटेची हुबेहूब उलटी प्रत नसते. जवारी काढताना कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासतो आणि वादक तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, तेव्हा दोघंही तार नेमकी कुठे टेकेल, हेच ठरवत असतात.